‘चेकलिस्ट पाठवलीय, ओके सांगा’ : निर्यातीचे कागद आणि फॉरवर्डरशी बोलणं

जानेवारी २०२५मध्ये निजामाबादला राष्ट्रीय हळद मंडळ सुरू झालं. सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन त्याच्या सात वर्षं आधी, २०१८मध्येच मिळालं होतं. तेव्हापासून सांगली, हिंगोली, वसमत भागातल्या शेतकरी कंपन्या आणि छोटे गिरणीवाले ‘आपणच थेट बाहेर पाठवू’ असं बोलू लागलेत. माल चांगला असतो, दुबईचा खरेदीदारही मिळतो. गाडी अडते ती कागदांपाशी, आणि बहुतेक वेळा एकाच जागी. फॉरवर्डरच्या ऑफिसातून संध्याकाळी एक पीडीएफ येते, खाली ओळ असते : ‘सर, चेकलिस्ट पाठवलीय. ओके सांगा, लगेच फाइल करतो.’ मोबाइलवर पान बारीक दिसतं, कोड कळत नाहीत, उद्या कंटेनर लागायचा असतो. आपण अंगठा पाठवून मोकळे होतो.

ही चेकलिस्ट म्हणजे कस्टम्सला द्यायच्या शिपिंग बिल नावाच्या अर्जाचा मसुदा. त्या पीडीएफमध्ये काय असतं आणि ती नीट वाचायला आधी फॉरवर्डरशी काय ठरवून ठेवायचं, एवढंच इथे सांगतो.

फॉरवर्डर आणि सीएचए, दोघं एकच का?

नाही, पण बऱ्याचदा एकाच छताखाली बसतात म्हणून तसं वाटतं. फॉरवर्डर माल पोचवायची व्यवस्था करतो. जहाजात जागा घेणं, रिकामा कंटेनर मिळवणं, ट्रेलर लावणं ही त्याची कामं. कस्टम्ससमोर आपल्या वतीने कागद दाखल करणारा तो कस्टम्स ब्रोकर. जुन्या नावाने सगळे त्याला अजून सीएचए म्हणतात. त्याला कस्टम्सचं लायसन्स लागतं आणि २०१८ची नियमावली पाळावी लागते. त्या नियमावलीनुसार त्याने ग्राहकाकडून अधिकारपत्र घ्यायचं असतं, शिवाय ग्राहकाचा आयात-निर्यात कोड, जीएसटी क्रमांक आणि पत्ता खरा आहे का हेही तपासायचं असतं. म्हणूनच पहिल्या खेपेला ते ढीगभर केवायसी मागतात. तो त्यांचा त्रास देण्याचा प्रकार नसतो.

काही फॉरवर्डरांकडे स्वतःचं लायसन्स असतं, काही जण दुसऱ्या सीएचएकडून काम करून घेतात. हे पहिल्याच फोनवर विचारून घ्या : ‘शिपिंग बिल कोणाच्या लायसन्सवर जाणार? चेकलिस्ट बनवणाऱ्या माणसाचा थेट नंबर मिळेल का?’ मधे दोन माणसं असली की तुम्ही सांगितलेली दुरुस्ती तिसऱ्यापर्यंत पोचेलच असं नाही.

निर्यातीवर करच नाही, मग कस्टम्सचं काय काम?

ही शंका रास्त आहे. हळदीसारख्या मालावर निर्यात शुल्क नाही. पण कस्टम्स फक्त शुल्क गोळा करत नाही. काय माल, किती, कोणाचा, कुठे आणि किती किमतीला देशाबाहेर गेला याची सरकारी नोंद तिथेच होते. ज्या अर्जावर ही नोंद होते त्याला शिपिंग बिल म्हणतात. कस्टम्स कायद्याच्या कलम ५०नुसार ते इलेक्ट्रॉनिक पद्धतीने दाखल करावं लागतं. अधिकाऱ्याचं समाधान झालं की कलम ५१खाली ‘माल चढवायला हरकत नाही’ असा आदेश निघतो. धंद्यात त्याला एलईओ म्हणतात. एलईओ नाही तर माल जहाजावर चढत नाही.

शिपिंग बिलाचं महत्त्व बंदरावर संपत नाही. तीच नोंद जीएसटी खात्याकडे जाते आणि परतावा त्यावरून निघतो. तीच रिझर्व्ह बँकेच्या यंत्रणेतून तुमच्या बँकेकडे जाते, आणि एवढे डॉलर यायचे बाकी आहेत असं तुमच्या नावावर उभं राहतं. म्हणजे एका पानावरचा चुकीचा आकडा तीन ठिकाणी चुकीचा होऊन बसतो.

चेकलिस्ट म्हणजे या शिपिंग बिलाचा कच्चा नमुना. लग्नपत्रिकेचं प्रूफ छापखान्यातून येतं ना, तसंच. छापखान्याला वराच्या आजोबांचं नाव माहीत नसतं, ते घरच्यांनीच वाचायचं असतं.

एक उदाहरण धरून चालू

समजा सांगलीचा एक गिरणीवाला दुबईच्या जेबेल अली बंदराला हळद पावडर पाठवतोय. आकडे सोयीसाठी मीच धरलेत. २५ किलोची ५६० पोती, म्हणजे निव्वळ १४,००० किलो. भाव दोन डॉलर किलो, भाडं आणि विमा धरून जेबेल अलीपोच. इन्व्हॉइस २८,००० डॉलरचं. त्यात जहाजभाडं ७०० आणि विमा १०० डॉलर. एक वीस फुटी कंटेनर, न्हावा शेवा बंदरातून.

फॉरवर्डरला त्याने इन्व्हॉइसचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. फोटोत कोपरा दुमडलेला, इन्व्हॉइस क्रमांक `HP/025/25-26`. ऑपरेटरने चेकलिस्टमध्ये टाइप केला `HP/25/25-26`. एक शून्य गळालं.

या गिरणीवाल्याने इंटिग्रेटेड जीएसटी भरून निर्यात केली असेल तर परताव्यासाठी वेगळा अर्ज करायचा नसतो. नियमानुसार शिपिंग बिल हाच परताव्याचा अर्ज. कस्टम्सची यंत्रणा शिपिंग बिलावरचा इन्व्हॉइस क्रमांक आणि जीएसटीआर-१ या विवरणपत्राच्या तक्ता ६एमधला क्रमांक ताडून बघते. इथे दोन्ही जुळणार नाहीत. आइसगेट या कस्टम्सच्या पोर्टलवर त्याच्या नावापुढे `SB005` असा कोड उभा राहील, आणि एक लाखाच्या पुढची रक्कम अडकून पडेल. अडकण्याचं कारण एक शून्य.

हेच दुसऱ्या वाटेनेही घडतं. काही जण जीएसटीसाठी एक बिल आणि परदेशी खरेदीदारासाठी वेगळ्या क्रमांकाचं एक्स्पोर्ट इन्व्हॉइस काढतात. सीएचएच्या हातात दुसरं असतं, तुमच्या अकाउंटंटच्या हातात पहिलं. दोन्हीकडे एकच क्रमांक ठेवा. जीएसटीत तो १६ अक्षरांच्या वर जाता कामा नये, हेही लक्षात असू द्या.

चेकलिस्टवर नजर कुठे टाकायची

सगळं पान वाचायला हरकत नाही, पण पैसे अडकतात ते थोड्याच रकान्यांत.

पहिला रकाना कराचा. निर्यात दोन प्रकारे होते. एक, कर भरून नंतर परत घ्यायचा. दोन, ‘कर न भरता माल पाठवतो’ असं हमीपत्र जीएसटी पोर्टलवर आधी देऊन ठेवायचं. या हमीपत्राला एलयूटी म्हणतात. चेकलिस्टवर यापैकी एक स्पष्ट दिसतं : `LUT` किंवा कर भरल्याचं `P`. तुमच्या बिलावर एक आणि चेकलिस्टवर दुसरं असेल तर तिथेच थांबवा. आणखी एक, एलयूटी आर्थिक वर्षापुरतंच असतं. मार्चअखेरीस ठरलेला माल एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात निघाला तर नव्या वर्षाचं एलयूटी लागतं. वर्षाअखेरच्या धावपळीत अकाउंटंट ते विसरतो आणि सीएचए जुनाच क्रमांक टाकून मोकळा होतो.

दुसरा रकाना किमतीचा. आपलं इन्व्हॉइस जेबेल अलीपोच आहे, म्हणजे किमतीत भाडं-विमा आहे. चेकलिस्टवर अटीच्या जागी सीआयएफ हवं आणि भाडं ७००, विमा १०० वेगळे दिसायला हवेत. तेव्हा बंदरातली किंमत, म्हणजे एफओबी, २७,२०० डॉलर येते. ऑपरेटरने अटीच्या जागी एफओबी निवडलं तर सगळे २८,००० एफओबी धरले जातात. भाड्याचा आकडा तुम्ही कळवला नाही तर तो अंदाजाने टाकला जातो, तेव्हा इन्व्हॉइसवरच तिन्ही आकडे वेगळे छापा. चलनाकडेही बघा. दुबईचा खरेदीदार म्हटल्यावर सवयीने दिरहम निवडलं जाऊ शकतं, आणि मग बँक २८,००० दिरहमची वाट बघत बसते.

तिसरा रकाना मालाच्या कोडचा. शिपिंग बिलावर आठ आकडी कोड लागतो. हळद पावडरचा 09103030, वाळलेल्या अख्ख्या हळकुंडाचा 09103020. पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात, शेवटचे दोन भारताचे. मागच्या खेपेला हळकुंड पाठवलं असेल तर जुनी फाइल उघडून त्यावरच नवी चेकलिस्ट बनवली जाते, आणि जुना कोड तसाच राहतो. वर्णनात पावडर, कोडमध्ये हळकुंड, असं झालं की तपासणी अधिकाऱ्याने प्रश्न विचारलाच समजा.

याच ओळीत एक छोटा शब्द शोधा : `RODTEPY` की `RODTEPN`. देशात मालावर बसलेले जे कर-शुल्क इतर कुठून परत मिळत नाहीत, ते निर्यातदाराला परत देण्याची रोडटेप नावाची योजना आहे. तुमच्या मालाचा कोड त्या यादीत असेल तर फायदा मिळतो, पण शिपिंग बिलावर प्रत्येक मालापुढे ‘हो, मला हवाय’ असं सांगावं लागतं. ते `Y`ने होतं. कुणी विचारलं नाही म्हणून `N` राहिलं, तर तुम्ही हक्क सोडला असा अर्थ होतो.

शेवटी बँक. चेकलिस्टवर तुमच्या बँक शाखेचा एडी कोड असतो. परकीय चलनाचे व्यवहार ज्या शाखेतून होणार तिचा हा क्रमांक, आणि तो आइसगेटवर नोंदलेला असावा लागतो. पहिल्यांदाच निर्यात करणाऱ्याने कंटेनर बुक करायच्या आधी ही नोंद झाली का ते सीएचएकडून वदवून घ्यावं. माल बंदरावर उभा आणि एडी कोड मंजुरीच्या रांगेत, हा प्रसंग नवख्यांच्या वाट्याला नेहमी येतो.

वजन तीन, आणि तिन्ही वेगळी

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून आपल्या उदाहरणावर मांडतो.

निव्वळ वजन १४,००० किलो, हे फक्त हळदीचं. रिकामं पोतं १५० ग्रॅमचं धरलं तर ५६० पोत्यांचे ८४ किलो, म्हणजे ढोबळ वजन १४,०८४ किलो. ही दोन वजनं इन्व्हॉइस-पॅकिंग लिस्ट, चेकलिस्ट आणि बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे माल घेतल्याच्या जहाज कंपनीच्या पावतीवर, तंतोतंत सारखी हवीत.

तिसरं वजन भरलेल्या कंटेनरचं, त्याला व्हीजीएम म्हणतात. चुकीच्या वजनाने रचलेले कंटेनर जहाजावर कोसळू नयेत म्हणून १ जुलै २०१६पासून जगभर हे बंधनकारक आहे. ते जाहीर करायची जबाबदारी माल पाठवणाऱ्याची, फॉरवर्डरची नव्हे. यात मालाचं ढोबळ वजन, आत लावलेला कागद, पट्ट्या वगैरे आणि रिकाम्या कंटेनरचं वजन येतं. रिकाम्या कंटेनरचं वजन त्याच्या दारावरच रंगवलेलं असतं. समजा दारावर २,२०० लिहिलंय आणि आतला कागद-पट्ट्या १६ किलोच्या, तर व्हीजीएम १६,३०० किलो. वजनकाट्याची पावती सोबत ठेवायची.

चूक कशी होते? फॉरवर्डर फोनवर विचारतो, ‘वजन किती?’ आपण काट्याची पावती बघून सांगतो, ‘सोळा हजार तीनशे.’ तो आकडा बिल ऑफ लेडिंगवर ढोबळ वजन म्हणून छापला जातो. तिकडे खरेदीदाराचा एजंट विचारतो की पॅकिंग लिस्टवर १४,०८४ आणि इथे १६,३०० कसे. म्हणून फोनवर वजन सांगूच नये. लिहून द्यावं, आणि कोणतं वजन ते नावानिशी.

नेमकं काय आणि कसं पाठवायचं

फोटो नको, सुट्या सुट्या फायलीही नकोत. इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्टची मूळ पीडीएफ एका ईमेलवर, आणि त्या ईमेलच्या मजकुरात ऑपरेटरला सरळ कॉपी करता येईल असा तपशील. साधारण असा :

‘नमस्कार, जेबेल अलीच्या एका वीस फुटी कंटेनरचे कागद जोडलेत. इन्व्हॉइस क्रमांक HP/025/25-26, क्रमांक जसाच्या तसा टाकावा. अट सीआयएफ, रक्कम २८,००० अमेरिकी डॉलर, त्यात भाडं ७००, विमा १००. निर्यात कर भरून आहे, एलयूटीवर नाही. कोड 09103030, रोडटेप हवंय. पोती ५६०, निव्वळ १४,०००, ढोबळ १४,०८४ किलो. व्हीजीएम कंटेनर भरल्यावर वेगळं कळवतो. चेकलिस्ट याच ईमेलवर पाठवा, मी लेखी ओके दिल्याशिवाय दाखल करू नका.’

शेवटचं वाक्य काही जणांना उद्धट वाटतं. तसं काही नाही. चांगल्या सीएचएला ते आवडतं, कारण उद्या वाद झाला तर त्याच्याही हातात कागद असतो.

‘तीनच कागद लागतात म्हणे?’

अर्धं खरं आहे. २०१५मध्ये विदेश व्यापार महासंचालनालयाने निर्यातीचे सक्तीचे कागद तीनवर आणले : बिल ऑफ लेडिंग किंवा विमानाची पावती, इन्व्हॉइस-सह-पॅकिंग लिस्ट, आणि शिपिंग बिल. पण ही यादी सगळ्या मालाला लागू असलेली किमान यादी आहे. मालाच्या जातीप्रमाणे वर भर पडते. मसाल्याच्या निर्यातदाराला मसाला मंडळाची नोंदणी लागते. लाकडी पॅलेट वापरले तर त्यावर कीडनाशक प्रक्रियेचा आंतरराष्ट्रीय शिक्का लागतो. आणि खरेदीदाराच्या देशात माल सोडवायला काय लागतं हे तर पूर्णच वेगळं प्रकरण. भारत आणि अमिरातीचा व्यापार करार १ मे २०२२पासून लागू आहे. त्याखालची सवलत खरेदीदाराला हवी असेल तर तो मूळ देशाचं प्रमाणपत्र मागेल. ते ऑनलाइन काढावं लागतं आणि त्यावरही तोच इन्व्हॉइस क्रमांक, तेच वजन.

ही दुसरी यादी फॉरवर्डरला विचारून भागत नाही. त्याला इकडचं पक्कं माहीत असतं, तिकडचं अंदाजाने. खरेदीदाराकडून ती ईमेलवर मागवा आणि फॉरवर्डरला पुढे पाठवा.

‘टायपिंगची चूक नंतर सुधारता येते ना?’

येते, पण प्रत्येक टप्प्यावर महाग होत जाते. दाखल करण्याआधी फोन पुरतो. दाखल झाल्यावर, एलईओच्या आधी, सीएचए दुरुस्ती मागतो, वेळ जातो पण होतं. माल गेल्यावर मात्र कलम १४९ आड येतं. निर्यातीच्या वेळी जे कागद अस्तित्वात होते त्यांच्याच आधारे तेव्हा दुरुस्ती मिळते. नंतर नवं इन्व्हॉइस करून ‘हे बघा, असं होतं’ म्हणता येत नाही. म्हणूनच तो ईमेल आणि मूळ पीडीएफ जपून ठेवायची. आपल्या गिरणीवाल्याच्या इन्व्हॉइसवर शून्य होतंच, त्यामुळे त्याला बाजू मांडायला जागा आहे. इन्व्हॉइसच चुकलेलं असतं तर तीही राहिली नसती.

‘फॉरवर्डरला पैसे देतो, मग चूक त्याची’ हा युक्तिवाद भांडणात ठीक, कस्टम्ससमोर टिकत नाही. शिपिंग बिलातली माहिती खरी असल्याची घोषणा निर्यातदाराची असते. ब्रोकरने निष्काळजीपणा केला तर नियमावलीखाली त्याच्यावर वेगळी कारवाई होऊ शकते, पण त्याने तुमचा परतावा सुटत नाही.

वेळेचं गणित

जहाजाची तारीख धरून बसू नका. जहाजाच्या आधी फाटकं बंद होतात. बिल ऑफ लेडिंगचा तपशील द्यायची शेवटची वेळ एक, व्हीजीएमची दुसरी, कंटेनर बंदरात घुसायची तिसरी. या वेळांना कट-ऑफ म्हणतात आणि जहाज लवकर आलं तर त्याही अलीकडे सरकतात. बुकिंग मिळालं त्याच दिवशी तिन्ही लेखी मागा आणि बदलल्या तर कळवायला सांगा.

कंटेनर कुठे भरणार यावरही बरंच अवलंबून. कारखान्यात भरून स्वतः ई-सील लावायची परवानगी असेल तर तो सांगलीहून थेट बंदराकडे जाऊ शकतो. नवख्याकडे ती सहसा नसते. मग माल ट्रकने उरण-पनवेल भागातल्या कंटेनर फ्रेट स्टेशनवर जातो, तिथे नोंद होते, संगणकाने निवडला तर पोती उघडून तपासणी होते, मग एलईओ. तपासणी निघाली तर एखादा दिवस जाणार हे धरूनच ट्रक सोडा. शुक्रवारी रात्री सांगलीहून निघालेला ट्रक आणि सोमवार सकाळचा कट-ऑफ, हा जुगार फॉरवर्डर ‘होऊन जाईल’ म्हणाला तरी खेळू नये. कंटेनर मागे राहिला तर पुढच्या जहाजापर्यंतचं भाडं आपल्याच खिशातून जातं.

जहाज सुटल्यावरही एक काम उरतं

बिल ऑफ लेडिंगचा मसुदा मंजुरीला येतो, तोही चेकलिस्टसारखाच वाचायचा. आपल्या उदाहरणात भाडं आपण भरलंय, म्हणजे त्यावर ‘फ्रेट प्रीपेड’ हवं. ‘कलेक्ट’ छापलं गेलं तर तिकडे खरेदीदाराकडून पुन्हा भाडं मागतात.

मग जहाज कंपनी निघालेल्या मालाची यादी कस्टम्सला देते. तिला ईजीएम म्हणतात. या यादीत तुमचं शिपिंग बिल आलं नाही तर कस्टम्सच्या लेखी माल गेलाच नाही. दुबईच्या गोदामात पोती उतरलेली असतात आणि इकडे आइसगेटवर `SB002` दिसत राहतो, परतावा हलत नाही. जहाज सुटल्यावर आठवड्याभरात फॉरवर्डरकडे एलईओची प्रत, सही झालेलं बिल ऑफ लेडिंग आणि ईजीएमचा क्रमांक-तारीख मागा. तो ‘फाइल झालंय’ म्हणाला तरी आइसगेटवर शिपिंग बिल क्रमांक टाकून स्वतः बघा. ईजीएम दिसत नसेल तर पाठपुरावा जहाज कंपनीकडे करावा लागतो, आणि तो फॉरवर्डरकडूनच करून घ्यायचा, कारण जहाज कंपनीशी बुकिंग त्याचं असतं. त्याचं शेवटचं बिल चुकतं करण्याआधी हे झालेलं बरं.